बांधील खर्च की बांधील हप्ता: धंदा वाढवताना मी काय निवडलं आणि का

हा प्रश्न पुस्तकात दोन वेगळ्या धड्यांत असतो. एका धड्यात ऑपरेटिंग लिव्हरेज, म्हणजे पगार, भाडं, घसारा असे विक्री झाली न झाली तरी चालू राहणारे खर्च. दुसऱ्या धड्यात फायनान्शियल लिव्हरेज, म्हणजे कर्ज आणि त्याचं व्याज. दोन्ही पहारीसारखे: विक्री थोडी हलली की नफा त्याहून जास्त हलतो, वर जाताना वर आणि खाली येताना खाली. एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. माझ्यापुढे मात्र 2018 च्या उन्हाळ्यात हे दोन्ही धडे एकाच टेबलावर येऊन बसले, आणि त्यातला एकच घ्यायचा होता.

आमचं काम कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत. फौंड्रीतून कास्टिंग घ्यायचं, बाहेरच्या वर्कशॉपमधून मशीनिंग करून घ्यायचं, तपासून, पॅक करून पुण्याला पाठवायचं. माल म्हणजे ट्रकच्या चाकाचे हब. मी आणि थोरला चुलतभाऊ, त्याला मी दादा म्हणतो, निम्म्या-निम्म्या भागीदारीत. दादानं त्या वर्षी स्पष्ट सांगितलं, "असं दलालासारखं काम मला नको. एक तर स्वतःची मशीन टाकू, नाहीतर माझा हिस्सा मोकळा कर, मी दुसरं काहीतरी बघतो."

म्हणजे दोन वाटा. पहिली: दोघांनी वीस-वीस लाख घालायचे, चाळीस लाखांची दोन सीएनसी मशीन आणायची, शेड भाड्यानं घ्यायची, ऑपरेटर पगारावर ठेवायचे. कर्ज शून्य, पण बांधील खर्च भरपूर. दुसरी: दादाचा हिस्सा साठ लाखांना घ्यायचा, त्यात माझे वीस आणि बँकेचे चाळीस. मशीनिंग पूर्वीसारखं बाहेरच. बांधील खर्च जवळजवळ तेवढाच, पण डोक्यावर कर्ज, आणि उरलेला सगळा नफा माझा एकट्याचा. माझ्या खिशातून दोन्हीकडे वीस लाखच जाणार होते, म्हणून तुलना बऱ्यापैकी सरळ होती.

आकडे महिन्याचे सांगतो, थोडे गोल करून. तेव्हा पाच हजार नग जायचे, नगाला 600 रुपये मिळायचे. कास्टिंग, वाहतूक आणि बाहेरचं मशीनिंग मिळून 540 जायचे, म्हणजे नगामागे 60 उरायचे. त्यातून एक लाखाचा ठरलेला खर्च वजा जाता दोन लाख नफा, दोघांना एक-एक लाख.

मशीन घरी आणलं तर बाहेरच्या मजुरीचे 130 वाचणार होते, त्याऐवजी वीज, इन्सर्ट, कूलंट मिळून 50 लागणार होते. म्हणजे नगामागे 60 ऐवजी 140 उरणार. पण ठरलेला खर्च एक लाखावरून 3 लाख 70 हजारांवर जाणार: पगार 1 लाख 60 हजार, शेडचं भाडं 45 हजार, वीजबिलातला स्थिर आकार, विमा आणि मशीनचा देखभाल करार मिळून 30 हजार, आणि घसारा 35 हजार. पाच हजार नगांवर नफा 3 लाख 30 हजार, माझा निम्मा 1 लाख 65 हजार.

कर्जाच्या वाटेवर चाळीस लाखांचं व्याज, बारा टक्क्यांनी, सुरुवातीला महिन्याला चाळीस हजार. दोन लाखांतून ते गेले की 1 लाख 60 हजार, सगळे माझे.

एक 65, एक 60. पाच हजाराचा फरक म्हणजे काहीच नाही. त्यामुळे निवड करायची ती महिना चांगला असताना काय मिळेल यावरून होणार नव्हती. नगांची संख्या हलली तर काय होईल, यावरून होणार होती.

आमच्या सीएंनी कागदावर दोन भागाकार मांडले. नगांतून उरलेली रक्कम भागिले नफा: मशीनच्या वाटेवर सात लाख भागिले 3.3 लाख, म्हणजे 2.12. विक्री एक टक्का हलली की नफा दोन टक्क्यांहून थोडा जास्त हलणार. कर्जाच्या वाटेवर आधी तीन लाख भागिले दोन लाख, म्हणजे दीड. मग व्याजाआधीचा नफा भागिले व्याजानंतरचा, दोन भागिले 1.6, म्हणजे सव्वा. दीड गुणिले सव्वा, 1.88. "तुमच्या दृष्टीनं कर्जाची वाट किंचित सौम्य आहे," सीए म्हणाले. कागदावर ते बरोबरच होतं.

इथे एक गोष्ट मध्येच सांगून ठेवतो, कारण बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. हा 2.12 काही धंद्याला कायमचा चिकटलेला आकडा नाही. तो पाच हजार नगांवरचा आहे. साडेतीन हजार नगांवर तोच भागाकार केला तर 4.9 लाख भागिले 1.2 लाख, चारच्या वर जातो. जसजसे तुम्ही ना-नफा-ना-तोट्याच्या रेषेजवळ सरकता तसतशी पहार लांब होत जाते. ज्या महिन्यात तुम्हाला सौम्यपणा हवा असतो, नेमका त्याच महिन्यात तो नसतो. दोन्ही वाटांवर हे होतं, एवढाच दिलासा.

आता मुख्य गोष्ट. सीएंच्या कागदात हप्ता नव्हता. व्याज होतं, हप्ता नव्हता.

चाळीस लाख, बारा टक्के, पाच वर्षं. याचा मासिक हप्ता सुमारे 89 हजार येतो. पहिल्या महिन्यात त्यातले चाळीस हजार व्याज आणि 49 हजार मुद्दल. नफातोटा पत्रकात फक्त व्याज दिसतं. मुद्दल हा खर्च नाही, देणं कमी होणं आहे, म्हणून ते ताळेबंदात जातं. हिशेबाच्या दृष्टीनं बरोबरच. पण खात्यातून जातात ते 89 हजार. उलट मशीनच्या वाटेवर जो 35 हजार घसारा धरलाय तो पत्रकात खर्च दिसतो, पण कुणाच्या हातात जात नाही. म्हणजे एका वाटेवर पत्रक परिस्थिती आहे त्यापेक्षा बरी दाखवतं आणि दुसऱ्या वाटेवर आहे त्यापेक्षा वाईट.

मी घरी येऊन वहीत चार ओळींचा तक्ता केला. माझ्या वाट्याला काय येतं ते, कागदावर आणि हातात:

| महिन्याचे नग | मशीन: कागदावर | मशीन: हातात | कर्ज: कागदावर | कर्ज: हातात |
|---|---|---|---|---|
| 6,000 | 2,35,000 | 2,52,500 | 2,20,000 | 1,71,000 |
| 5,000 | 1,65,000 | 1,82,500 | 1,60,000 | 1,11,000 |
| 3,500 | 60,000 | 77,500 | 70,000 | 21,000 |
| 2,500 | −10,000 | 7,500 | 10,000 | −39,000 |

शेवटची ओळ बघा. विक्री निम्मी झाली तर कागदावर मशीनवाला तोट्यात आणि कर्जवाला नफ्यात. हातात मात्र मशीनवाल्याकडे चहापाण्यापुरते का होईना पैसे आहेत, आणि कर्जवाल्याला घरातून 39 हजार आणून भरायचे आहेत. वर त्या कागदी दहा हजारांवर कर लागू शकतो तो वेगळाच.

हाच हिशेब नगांत मांडला तर आणखी सोपा पडतो. हातातल्या पैशांची शून्य रेषा मशीनच्या वाटेवर साधारण 2,400 नगांवर येते, कर्जाच्या वाटेवर 3,150 नगांवर. पत्रकावरची रेषा अनुक्रमे 2,640 आणि 2,330. क्रम उलटतो.

पाठ्यपुस्तकातलं सूत्र चुकीचं आहे असं माझं म्हणणं नाही. ते मोठ्या कंपनीच्या जगातलं आहे. तिथे रोखे काढले की मुदतभर बहुतेक व्याजच द्यायचं असतं, मुद्दलाची वेळ आली की नवे रोखे काढून जुने फेडतात. आपल्यासारख्याचं मुदतकर्ज पहिल्या महिन्यापासून मुद्दल मागतं. सूत्रातला भागाकार तोच, पण आपल्याकडे भाजकात व्याजाच्या जागी हप्ता बसवून बघावा, मग खरा आकडा कळतो. कॅश क्रेडिटचं तसं नाही, तिथे व्याज भरत राहिलं आणि स्टॉक-उधारी दाखवता आली की मर्यादा दरवर्षी नवी होते. त्यामुळे "कर्ज" हा एकच शब्द दोन्हीला वापरला तर तुलना फसते.

एवढा हिशेब झाल्यावरही मी अडखळत होतो. कारण 3,150 नग ही काही अशक्य रेषा नव्हती. आम्ही पाच हजारांवर होतो, नोटाबंदीनंतरच्या तीन महिन्यांतसुद्धा सरासरी 3,400 च्या आसपास राहिलो होतो. मग खरा कौल कशानं लागला? खरं सांगायचं तर एका जुन्या, अगदी फुटकळ त्रासानं.

2013 मध्ये आम्ही टेम्पोसाठी सहा लाखांचं कर्ज काढलं होतं. हप्ता तेरा हजार तीनशे सत्तेचाळीस, तारीख सात. आमच्या एका मोठ्या ग्राहकाचं पेमेंट महिन्याच्या पाचला यायचं, म्हणून ती तारीख निवडली होती. वर्षभरानं त्या ग्राहकानं पेमेंटचा दिवस बदलला, पाचचा वीस केला. का, ते कुणी सांगितलं नाही. आपण विचारायचीही पद्धत नाही. त्यानंतर दर महिन्याच्या सहा तारखेला संध्याकाळी मी खातं बघायचो. एकदा सात तारखेला खात्यात अकरा हजार चारशे होते. एकोणीसशे रुपये कमी. मी त्या दिवशी सांगलीला होतो, दादाच्या फोनला रेंज नव्हती. हप्ता परत गेला. बँकेचा दंड, वर हप्ता परतल्याचा वेगळा आकार, आणि दुसऱ्या दिवशी शाखेतून फोन, "साहेब, तुमचा हप्ता थकलाय." दोन दिवसांत भरला. विषय संपला असं वाटलं.

दोन वर्षांनी कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवायला गेलो. अधिकाऱ्यानं आमची उतारापत्रकं चाळली, एका ओळीवर पेन टेकवला आणि विचारलं, "हे काय?" तीच ओळ. एकोणीसशे रुपये. मी सगळं समजावलं, त्यांनी मान डोलावली, मर्यादा वाढली पण मागितली होती त्याहून कमी. त्यामुळेच कमी झाली का, ते मला सांगता येणार नाही. पण तो पेन मला आजही दिसतो.

आता त्याच टेम्पोच्या ड्रायव्हरचा पगार सात तारखेचा असायचा. कितीतरी वेळा तो नऊला किंवा दहाला दिला असेल. एकदा निम्मा दिला, निम्मा पुढच्या सोमवारी. त्याला सांगायचो, "पुण्याचं पेमेंट अडकलंय," तो म्हणायचा, "असू दे मालक, घरभाड्यापुरते तेवढे द्या." हे चांगलं आहे असं मी म्हणत नाही, त्याच्या घरी त्याचा त्रास झालाच असणार. पण दोन्ही खर्च "स्थिर" या एकाच शब्दाखाली पुस्तकात असतात, आणि दोघांचा स्थिरपणा एक नाही. पगाराला, भाड्याला, देखभाल कराराला समोर माणूस असतो. हप्त्याला समोर फक्त तारीख असते. बँकेतल्या माणसाला तुमची कितीही कणव आली तरी थकबाकी 30 दिवसांपर्यंत असली तर खातं एसएमए-0, म्हणजे लक्ष ठेवायच्या खात्यांची पहिली पायरी, 60 पर्यंत एसएमए-1, 90 पर्यंत एसएमए-2, आणि 90 ओलांडले की एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. हे त्यांच्या हातात नसतं, यंत्रणाच ते करते.

तर मी मशीनची वाट धरली. दादा राहिला. ऑगस्ट 2018 मध्ये मशीन बसली.

आणि वर्षभरात बाजार पडला. ट्रकच्या धंद्यात असलेल्यांना 2019 आठवत असेल. आधी जास्त भार वाहायला परवानगी देणारे नवे अॅक्सल नियम आले, म्हणजे आहे त्याच ट्रकमधून जास्त माल जायला लागला. मग कर्जपुरवठा आटला, आणि एप्रिल 2020 पासून बीएस-6 येणार म्हणून सगळे थांबले. देशातली व्यापारी वाहनांची विक्री 2018-19 मध्ये दहा लाखांच्या वर होती, ती 2019-20 मध्ये सव्वासात लाखांच्या आत आली, म्हणजे सुमारे 29 टक्के घट. आमचे नग ऑगस्ट ते ऑक्टोबर 2019 मध्ये सरासरी 2,900 वर आले. हिशेब करा: मशीनच्या वाटेवर हातात एकूण सत्तर हजार, माझे पस्तीस. कर्जाच्या वाटेवर असतो तर महिन्याला पंधरा हजार कमी पडले असते. पंधरा हजार म्हणजे काही आभाळ कोसळत नाही. पण ते सात तारखेला कमी पडले असते.

त्या तीन महिन्यांत आणखी एक गोष्ट कळली, जी मी आधी धरलीच नव्हती. रिकामं मशीन विकता येतं, रिकामं कर्ज विकता येत नाही. दुसरी पाळी बंद होती. दादा एका शेतीपंपवाल्याकडे गेला आणि पंपाच्या बॉडीचं मशीनिंग मजुरीवर घेऊन आला. आमच्या सेटरनं नवे सॉफ्ट जॉ बनवले, पहिल्या दिवशी चार बॉडी खराब झाल्या, भोक तीन दशांशानं मोठं जात होतं. इन्सर्ट बदलला, फीड कमी केला, तिसऱ्या दिवशी काम लागलं. त्यातून महिन्याला पंचेचाळीस-पन्नास हजार सुटायला लागले. आमचेच पगार, आमचंच भाडं, फक्त वीज आणि इन्सर्टचा खर्च वाढला. बांधील खर्च म्हणजे आधीच पैसे मोजून ठेवलेली क्षमता. तुमचं काम नसेल तर दुसऱ्याचं करता येतं, तुमचा दर पाडून का होईना. उचललेले चाळीस लाख दादाच्या खिशात गेल्यावर त्यांचं असं काही करता आलं नसतं.

आता दुसऱ्या बाजूचं. नाही सांगितलं तर लबाडी होईल.

मार्च 2020 ला टाळेबंदी लागली आणि नग शून्यावर आले. तक्त्यात ती ओळ मी कधी लिहिलीच नव्हती. तेव्हा नेमकं उलटं झालं. कर्जवाल्यांना रिझर्व्ह बँकेनं आधी तीन महिने आणि मग आणखी तीन, असं 31 ऑगस्टपर्यंत हप्ते थांबवायची सवलत दिली. व्याज चढत होतं, पण तारीख थांबली. पगारवाल्यांना उलट 29 मार्चचा केंद्राचा आदेश आला की पूर्ण पगार द्या. तो मेच्या मध्यात मागे घेतला. आम्ही एप्रिलचा पगार पूर्ण दिला, मेचा निम्मा. शेडमालकानं एक महिन्याचं भाडं सोडलं. त्या दोन महिन्यांत घरातून सव्वातीन लाख गेले आणि मी मनात म्हणालो, चाळीस लाखांचं कर्ज असतं तर आज शांत झोपलो असतो. म्हणजे सगळ्यांवर एकदम आलेल्या संकटात सरकार तारखेला हात घालतं. फक्त तुमच्या धंद्यावर आलेल्या मंदीत घालत नाही. दोन्हींतलं दुसरं जास्त वेळा येतं, असा माझा अंदाज, त्यापलीकडे दावा नाही.

दुसरं, बाहेरच्या वर्कशॉपचे दर मंदीत पडतात. 2019 मध्ये 130 चे 115 झाले होते, म्हणे. कर्जाच्या वाटेवर असतो तर नगामागे 15 रुपये जास्त सुटले असते, 2,900 नगांवर त्रेचाळीस हजार. मग वरचा पंधरा हजारांचा खड्डा भरून वर उरले असते. हे मला नंतर कळलं आणि थोडं टोचलं.

तिसरं आणि सगळ्यात मोठं, वाटा. 2022 पासून ट्रकचा बाजार उठला, आम्ही काही महिने साडेसहा हजारांवर गेलो. दोन मशीनमधून तेवढेच निघतात. तेव्हा पाच लाखांच्या पुढचा नफा आणि त्यातला निम्मा दादाचा. भागीदाराला व्याज द्यावं लागत नाही, मुद्दल द्यावं लागत नाही, पण त्याचा निम्मा वाटा पाच वर्षांनी संपतही नाही. आणि पगार दर दिवाळीला चढतात, हप्ता चढत नाही. 2018 चे 1 लाख 60 हजार आज 2 लाख 40 हजार झालेत.

म्हणून तुमचा धंदा किराणा, औषधं, खानावळ असा रोज गल्ल्यात पैसे येणारा असेल, विक्री फारशी हलत नसेल आणि भागीदाराशी पटत नसेल, तर कर्जाची वाट तुम्हाला माझ्यापेक्षा सोयीची पडू शकते. हप्त्याच्या तारखेची भीती उधारीवर चालणाऱ्याला असते. तुम्ही मशीनवाले, उधारीवाले, दोन-तीन ग्राहकांवर अवलंबून असणारे असाल, तर माझा कल कुठे आहे ते तुम्हाला एव्हाना कळलंच असेल.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडच्यांना सांगेन. दोन्ही पहारी एकदम लावायचा मोह होतो. आमच्याच गल्लीत तसं झालेलं पाहिलंय. आमच्या आकड्यांवर करून बघा: दादालाही मोकळं करायचं आणि मशीनही टाकायची, ऐंशी लाख कर्ज. पाच हजार नगांवर कागदावर अडीच लाख, सगळे माझे. दोन्ही वाटांपेक्षा कितीतरी जास्त. गुणक 2.12 गुणिले 1.32, म्हणजे 2.8. पण हप्ता 1 लाख 78 हजार. साडेतीन हजार नगांवर कागदावर अजून चाळीस हजार नफा दिसतो आणि खात्यात तेवीस हजार कमी. अडीच हजारांवर महिन्याला 1 लाख 63 हजार कमी. इथे गुणाकार होतो, बेरीज नाही. आणि रिकामं मशीन दुसऱ्याला मजुरीवर देऊन जे पन्नास हजार येतात ते हप्त्यात कुठे गेले तेही कळत नाही.

ठरवताना माझ्या मते एकच आकडा हाताशी ठेवावा. गेल्या पाच वर्षांतले सलग तीन सगळ्यात वाईट महिने काढायचे, त्यांची सरासरी विक्री घ्यायची. मग पगार, भाडं आणि पूर्ण हप्ता धरून, घसारा सोडून, हातातल्या पैशांची शून्य रेषा काढायची. वाईट तिमाही त्या रेषेच्या वर असेल तर कुठलीही वाट चालेल. खाली असेल तर निदान ती रेषा हप्त्यामुळे वर गेलेली नाही ना, ते बघायचं. आमची 2,900 ची तिमाही 2,400 च्या वर होती आणि 3,150 च्या खाली.

यंदा तिसरं मशीन घेतोय. या वेळी थोडं कर्ज काढलंय, एकतीस लाखांपैकी बारा. दादा म्हणाला, "तूच ना रे कर्ज नको म्हणणारा?" मी म्हटलं, सव्वीस-सत्तावीस हजारांचा हप्ता पंपवाल्याच्या मजुरीतूनच सुटतो. बँकेच्या अर्जात हप्त्याची तारीख सात छापून आली होती. मी ती खोडून पंचवीस करून घेतली, बाजूला सही केली. आमचं मोठं पेमेंट वीसला येतं, अजून तरी.